वादविवाद मंडळासाठी पाच मिनिटांचे भाषण : पूररेषा आणि तत्त्वज्ञान (मसुदा वाचून मत द्यावे)

उत्तरेश्वर_पेठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. आमच्या महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळाने ‘अभियंत्यांच्या जगात तत्त्वज्ञान ही चैन आहे’ असा प्रस्ताव ठेवला आहे आणि मला त्याच्या विरोधात बोलायचे आहे. वेळ पाच मिनिटांची असून चौथ्या मिनिटाला पहिली घंटा होते. समोर बसणारे जवळजवळ सगळेच अभियांत्रिकीचे विद्यार्थी असल्यामुळे ‘तत्त्वज्ञान माणसाला विचार करायला शिकवते’ अशा धर्तीचे वाक्य उच्चारले, की मागच्या बाकांवर खोकल्याची साथ येते. म्हणून मी एकच उदाहरण घ्यायचे ठरवले आहे आणि तेही आपल्या गावचे, म्हणजे पंचगंगेच्या पूररेषेचे.

मसुद्याचा गाभा असा आहे : “पूररेषा आखणारा अभियंता असे गृहीत धरतो की नदी उद्याही कालच्यासारखीच वागेल. हे गृहीतक अनुभवाने सिद्ध करता येत नाही, असे ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अठराव्या शतकातच दाखवून दिले. म्हणजे नकाशावरची निळी आणि लाल रेषा हा शेवटी एक विश्वास आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी त्या विश्वासाला तडा दिला.” याच्या आधी सॉक्रेटिसावर एक परिच्छेद आहे, तो येथे देत नाही.

हा युक्तिवाद टिकेल का, आणि कुठे पकडला जाईल, हे जाणकारांनी सांगावे.

बंधाऱ्यावरचा_माणूस

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून पूररेषेच्या कामात काही वर्षे होतो. उदाहरण चांगले निवडले आहेस, पण तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेस आणि समोरचा वक्ता स्थापत्यचाच असेल तर तो नेमका तेथेच बोट ठेवील.

पूररेषा दोन टप्प्यांत निघते. पहिल्या टप्प्यात नदीच्या मोजणी केंद्रावर दर वर्षी जो सर्वांत मोठा विसर्ग नोंदला गेला, त्याची यादी करतात. ही यादी बहुधा काही दशकांचीच असते. तिला गंबेलसारखे एखादे संभाव्यतेचे वितरण बसवून पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा आणि शंभर वर्षांतून सरासरी एकदा येऊ शकेल असा विसर्ग काढतात. यादी चाळीस वर्षांची आणि उत्तर शंभर वर्षांचे, म्हणजे दुसरा आकडा हा नोंदींच्या पलीकडे वाढवलेल्या वक्रावरून घेतलेला असतो. दुसऱ्या टप्प्यात नदीचे आडवे छेद घेऊन, पात्राचा खडबडीतपणा ठरवून, तेवढा विसर्ग आला तर प्रत्येक छेदापाशी पाणी किती उंचीवर जाईल हे काढतात आणि ती उंची नकाशावर उतरवतात. पंचवीस वर्षांची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांची ती लाल. (शासनाच्या निकषांत आणखी अटी आहेत, त्या तुझ्या भाषणाला लागत नाहीत.)

तेव्हा ‘नदी उद्याही कालच्यासारखी वागेल’ हे एक गृहीतक नाही, ती दोन गृहीतके आहेत. पाऊस, पाणलोट आणि वरच्या धरणांतून सुटणारे पाणी बदलले तर विसर्ग बदलतो. पात्राशेजारी भराव पडला, बांधकामे झाली, तर विसर्ग तोच राहूनही पातळी बदलते. शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावावरून जिल्ह्यात जो वाद चालतो, तो या दुसऱ्या प्रकारातला आहे. कोणते गृहीतक हलले हे ओळखण्याचा मार्गही सांगतो : एकाच ठिकाणी पूर्वी अमुक विसर्गाला पाणी किती फुटांवर होते आणि आता तेवढ्याच विसर्गाला किती फुटांवर येते, हे जुन्या व नव्या मोजण्यांवरून ताडून पाहायचे. पातळी वाढली आणि विसर्ग वाढला नाही, तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही.

दुधाळी_ग्राउंड

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण येथे माहितगार दिसतात म्हणून विचारते. आमची जागा निळ्या आणि लाल रेषेच्या मधे येते असे सांगण्यात आले. आमच्या घरात भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन खुणा तेलरंगाने ओढलेल्या आहेत. २००५ ची खूण स्वयंपाकाच्या ओट्याच्या बरोबरीने आहे आणि दुसऱ्या दोन खुणा दाराच्या चौकटीच्या वर, एकमेकींना जवळजवळ चिकटून आहेत. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असेल तर दोन मोठे पूर येऊन गेल्यामुळे आता पुढची बरीच वर्षे निर्धास्त राहता येईल ना? वरचा मजला चढवायचा विचार आहे. परवानगी मिळेल का?

बंधाऱ्यावरचा_माणूस

ताई, परवानगीचे महापालिकेच्या नगररचना विभागातच विचारा. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळू शकते, एवढेच मी सांगू शकतो. जाताना जागेचा उतारा आणि मोजणीचा नकाशा बरोबर न्या, तोंडी उत्तरावर विसंबू नका.

निर्धास्त राहण्याचे मात्र मनातून काढून टाका. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ दर शंभर वर्षांनी पाळी येते असा नाही. त्याचा अर्थ कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असा आहे, आणि नदीला मागच्या वर्षीचे काही आठवत नाही. तीस वर्षांचे गृहकर्ज घेतले असे धरा. तीसही वर्षे सुखरूप जाण्याची शक्यता म्हणजे ०.९९ तीस वेळा घेऊन एकमेकांशी गुणायचे, ते साधारण ०.७४ येते. म्हणजे कर्ज फिटण्याआधी लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सव्वीस. निळ्या रेषेचे असेच गणित केले तर ती शंभरात सुमारे एकाहत्तर निघते. आणि हे सारे मूळ आकडे बरोबर आहेत असे धरून.

तर्कपाद

धागाकर्त्याने सॉक्रेटिसाचा परिच्छेद न देता योग्यच केले, तो भाषणातूनही काढावा. मी पदवी वर्गांना तत्त्वज्ञान शिकवतो आणि अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो, त्यामुळे माझी हरकत तुमच्या ‘रेषा हा शेवटी एक विश्वास आहे’ या वाक्यावर आहे. अनुमान सिद्ध करता येत नाही म्हणून ते केवळ विश्वास ठरते, असे म्हटले की तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेता, कारण मग ज्योतिषाने सांगितलेली पूररेषा आणि बंधाऱ्यावरच्या गृहस्थांनी काढलेली पूररेषा यांत फरक उरत नाही.

हा वाद ह्यूमच्या कितीतरी आधी आपल्याकडे झालेला आहे आणि तो तुमच्या उदाहरणाला अधिक नेमका लागू पडतो. चार्वाकांचे म्हणणे असे की स्वयंपाकघरात दहा वेळा धूर आणि अग्नी एकत्र पाहिले, एवढ्यावरून डोंगरावरच्या धुराखाली अग्नी असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही, कारण सर्व काळचे आणि सर्व ठिकाणचे धूर कोणीच पाहिलेले नसतात. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, यावर ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे उत्तर दिले नाही. त्यांनी विचारले की या संबंधात एखादी लपलेली अट आहे का? या अटीला ते उपाधी म्हणतात. जेथे अग्नी तेथे धूर, हे विधान पुष्कळदा खरे दिसते, पण लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. मग शोध घेतल्यावर कळते की धूर अग्नीमुळे येत नव्हता, ओल्या सरपणाशी अग्नीचा संयोग झाल्यामुळे येत होता. ओले सरपण ही उपाधी. ती सापडली की विधान कोठे चालते आणि कोठे चालत नाही हे ठरवता येते.

आता पूररेषेकडे पाहा. ‘गेल्या चाळीस वर्षांच्या नोंदींवरून पुढचा पूर सांगता येतो’ या विधानातील ओले सरपण कोणते? बंधाऱ्यावरच्या गृहस्थांनी वर ते सांगितलेच आहे : पाणलोट तसाच राहणे आणि पात्र तसेच राहणे. त्यांनी ते नैयायिकांचे नाव न घेता सांगितले, हा भाग तुमच्या भाषणात आवर्जून यावा.

शंका किती काळ घेत बसायची, याचेही उत्तर न्यायपरंपरेत आहे. उदयनाचार्यांनी म्हटले की शंकेची हद्द व्याघातापाशी संपते, म्हणजे ज्या क्षणी माणसाची शंका त्याच्याच वागण्याशी विसंगत होते त्या क्षणी. जेवल्याने भूक भागेल की नाही अशी शंका बोलून दाखवणारा मनुष्य संध्याकाळी पाटावर येऊन बसतोच. पूररेषेवर सरसकट अविश्वास दाखवणारा वक्ता जर पुराच्या बातम्या पाहून सामान वरच्या मजल्यावर हलवत असेल, तर त्याची शंका प्रामाणिक नाही. तेव्हा सरसकट शंका घेऊ नका, नेमकी उपाधी दाखवा.

कृष्णाकाठ_शिरोळ

हे सगळे ठीक आहे, परंतु मुख्य मुद्दा अलमट्टीचा आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही. आमच्या नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या पट्ट्यात पाणी दिवसेंदिवस हलत नाही, ते कशामुळे, हे भाषणात ठणकावून सांगितले पाहिजे. तत्त्वज्ञान वगैरे पोट भरलेल्यांचे विषय आहेत.

उत्तरेश्वर_पेठ

दादा, आपल्या भागाचे हाल मला ठाऊक आहेत, माझे आजोळ त्याच बाजूला आहे. परंतु अलमट्टी हा दोन राज्यांमधला स्वतंत्र वाद आहे आणि पाच मिनिटांत तो काढला तर प्रस्ताव बाजूला राहून त्याच विषयावर प्रश्नोत्तरे होतील. क्षमस्व.

भोगावती_खोरे

मला मूळ प्रस्तावच बरोबर वाटतो. राधानगरी धरणाचे उदाहरण घ्या. तेथे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय ठरावीक पातळीला पोहोचला की दरवाजा पाण्याच्याच जोरावर उघडतो आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी नदीत येते. कोणी बटण दाबत नाही, कोणाचा फोन येत नाही, वशिला चालत नाही. जेथे माणसाचा निर्णयच उरला नाही तेथे नीतीचा किंवा तत्त्वज्ञानाचा प्रश्न कुठून येणार? चांगल्या अभियांत्रिकीने तो प्रश्नच मिटवून टाकला आहे.

बंधाऱ्यावरचा_माणूस

दरवाजांची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष चुकला आहे. दरवाजा कोणत्या पातळीला उघडावा हे कोणीतरी आधी ठरवले, तोच निर्णय. तो आणीबाणीच्या रात्री घ्यावा लागू नये म्हणून बांधतानाच घेऊन ठेवला, आणि त्यात धरणाची सुरक्षितता प्रथम धरली. हे योग्यच होते. पण त्याची किंमत अशी की हे दरवाजे ‘उद्या मोठा पाऊस आहे, आजच थोडी जागा करून ठेवू’ म्हणून आदल्या दिवशी उघडता येत नाहीत. आधी पाणी सोडायचे तर त्यासाठी वीजगृहासारख्या दुसऱ्या वाटा वापराव्या लागतात आणि त्यांची क्षमता मर्यादित असते. निर्णय यंत्रात गेला म्हणून नाहीसा होत नाही, फक्त त्याच्यावर चर्चा होणे बंद होते.

तर्कपाद

हे शेवटचे वाक्य मी वर्गात वापरीन म्हणतो, हरकत नसावी.

खासबाग_कट्टा

मी जलविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे आणि या सगळ्या चर्चेवर माझा एक आक्षेप आहे, जो विरोधी वक्ता घेईलच. नोंदींचा काळ एकसारखा नसतो, पाणलोट बदलतो, हे आम्हाला कोणा नैयायिकाने सांगावे लागत नाही. बदलत्या परिस्थितीसाठी स्वतंत्र पद्धती आहेत, त्यांवर शोधनिबंध निघतात, अनिश्चिततेचा पट्टा काढून दाखवता येतो. उत्तम अभियंता हे करतो, वाईट अभियंता करत नाही. यात तत्त्वज्ञानाची गरज कुठे सिद्ध झाली? तुम्ही चांगल्या अभियांत्रिकीचे काम उचलून त्यावर तत्त्वज्ञानाची पाटी लावत आहात.

आणि समजा शंका उरलीच, तर सुरक्षा गुणक वाढवावा. पंचवीसच्या जागी पन्नास घ्यावे. प्रश्न संपला.

तर्कपाद

आक्षेपाचा पहिला भाग वजनदार आहे आणि मी तो पूर्णपणे खोडू शकत नाही. अट शोधण्याचे काम आज जलविज्ञान स्वतःच करते, हे खरे आहे. ते शिकवण्याची जबाबदारी कोणाची, पाटी कोणाची, हा मला फारसा महत्त्वाचा प्रश्न वाटत नाही.

दुसऱ्या भागात मात्र आपण घाई केली. पंचवीसच्या जागी पन्नास घेतले तर काय होते ते पाहू. निळी रेषा बाहेर सरकते. काल ज्याला आपल्या जागेवर घर बांधता येत होते, त्याला आज बांधता येत नाही, आणि त्याच्या जमिनीचा भाव रात्रीत पडतो. रेषा आहे तेथेच ठेवली तर त्या पट्ट्यात पुढेही घरे होत राहतात आणि पूर आल्यावर ती बुडतात, बहुधा भाडेकरू आणि नंतर विकत घेणारे यांची, म्हणजे ज्यांना रेषा आखताना कोणी विचारले नव्हते त्यांची. पन्नास हा आकडा पंचवीसपेक्षा अधिक सुरक्षित आहे, अधिक ‘बरोबर’ नाही. तोटा एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे किती सरकवायचा हे तो ठरवतो. गंबेलच्या वितरणाला तुम्ही पंचवीस सांगितले तर ते पंचवीसचा विसर्ग देईल, पन्नास सांगितले तर पन्नासचा देईल. त्याला काय विचारायचे, हे ते सांगत नाही.

खासबाग_कट्टा

त्यासाठी लाभ-खर्चाचे विश्लेषण असते. दोन्ही बाजूंचे नुकसान रुपयांत मांडा आणि कमी खर्चाचा पर्याय निवडा.

दुधाळी_ग्राउंड

मधे बोलते म्हणून माफ करा. रुपयांत मांडायचे म्हटले तर आमच्या आळीतले भाड्याच्या खोलीतले सामान पन्नास हजारांचेही भरणार नाही, आणि पलीकडच्या बंगल्यातली एक मोटार दहा लाखांची असेल. बेरीज करून रेषा ठरवायची तर ती बंगल्याच्या सोयीने ठरेल, असे होणार नाही का? मला हे शास्त्र कळत नाही, मला माझ्या वरच्या मजल्याशी मतलब आहे, पण बेरीज कळते.

खासबाग_कट्टा

उत्पन्नाच्या प्रमाणात भारांक देता येतात. पद्धत उपलब्ध आहे.

तर्कपाद

भारांक किती द्यायचा?

उत्तरेश्वर_पेठ

सर्वांचे मनापासून आभार. गेले दोन दिवस बसून भाषण नव्याने लिहिले आहे. सॉक्रेटिस आणि ह्यूम दोघेही गेले. राधानगरीचे दरवाजे फार मोह पाडत होते, तरीही वेळेअभावी सोडले. दुधाळीच्या ताईंचा मुद्दा त्यांचा उल्लेख न करता घेतला आहे, त्यांची हरकत असल्यास काढतो. पूर्ण मजकूर पुढीलप्रमाणे :

“सन्माननीय परीक्षक, सन्माननीय विरोधक आणि मित्रहो,

या सभागृहातील प्रत्येकाला दोन आकडे पाठ आहेत. जुलै लागला की राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण भ्रमणध्वनीवर तासातासाला पाहतो : ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ साली हे पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, हेही कोणी विसरलेले नाही. परंतु या शहरात कोणी कोठे राहायचे हे ज्या दोन आकड्यांनी ठरते, ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहेत. ते आहेत २५ आणि १००. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा.

प्रस्ताव मांडणाऱ्या माझ्या मित्रांचे म्हणणे आहे की या रेषा गणिताने काढल्या जातात, तेथे तत्त्वज्ञाचे काय काम? मी दोन ठिकाणी बोट ठेवतो.

पहिले ठिकाण. गेल्या काही दशकांच्या नोंदींवरून पुढच्या शंभर वर्षांचा पूर सांगणे हे अनुमान आहे. अनुमान करूच नये असे मी म्हणत नाही, कारण अनुमानावाचून मला या सभागृहाच्या छताखालीही उभे राहता येणार नाही. परंतु भारतीय नैयायिकांनी अनुमानाला एक कसोटी लावली होती. अग्नी असेल तेथे धूर असतो, असे वाटते, पण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. धुरासाठी सरपण ओले असावे लागते. ही लपलेली अट शोधून काढल्याशिवाय अनुमानावर भरवसा ठेवू नये, असा त्यांचा दंडक होता. पूररेषेतील लपलेली अट अशी, की डोंगरातला पाणलोट बदलला नाही आणि नदीचे पात्र बदलले नाही. ज्या काळात भराव पडले आणि नदीकाठी वस्ती वाढली, त्या काळात ही अट पाळली गेली की नाही, हे गणित आपणहून सांगत नाही. तो प्रश्न गणिताला विचारावा लागतो.

माझे मित्र म्हणतील की चांगला अभियंता हा प्रश्न विचारतोच. मान्य आहे. तो विचारतो तेव्हा तो नैयायिकांचेच काम करत असतो, आणि ते काम चैनीचे आहे असे प्रस्ताव म्हणतो. त्यांनी एक तर हा अभियंता चैन करतो असे म्हणावे, नाही तर प्रस्ताव मागे घ्यावा.

दुसरे ठिकाण अधिक अवघड आहे. पंचवीसच का? पन्नास का नाही? रेषा बाहेर सरकवली तर एखाद्या माणसाची जागा पडीक होते. आत ठेवली तर दुसऱ्या माणसाचे घर बुडते. नुकसानीची रुपयांत बेरीज करून ठरवू म्हटले, तर भाड्याच्या खोलीतले सामान स्वस्त असते आणि बंगल्यातली मोटार महाग असते, त्यामुळे खोलीतला माणूस बेरजेत आधीच हरलेला असतो. ही बेरीज अन्यायाची आहे असे वाटत असेल, तर न्यायाची बेरीज कोणती? ज्याला विचारले नाही त्याच्यावर धोका लादता येतो का, आणि येत असेल तर किती? तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता शंभरात सव्वीस असते. ही शक्यता स्वीकारण्याजोगी आहे की नाही, याचे उत्तर नदीच्या आडव्या छेदात सापडत नाही.

हे प्रश्न अभियंत्याने सोडून दिले तरी ते कोणीतरी सोडवतेच. एखादे परिपत्रक सोडवते, एखादी बैठक सोडवते, आणि मग आकडा आपल्या संगणकात येऊन बसतो व आपण त्याला ‘दिलेली किंमत’ म्हणतो.

प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्या सदस्यांना माझा एकच प्रश्न आहे : पंचवीस हा आकडा त्यांनी कोणत्या समीकरणातून काढला? ते समीकरण फळ्यावर लिहिले जाईपर्यंत मी या प्रस्तावाला विरोध करतो.”

भोगावती_खोरे

मत बदलले असे म्हणणार नाही, पण ‘दिलेली किंमत’ हे वाक्य लागले. आमच्या अभ्यासक्रमात प्रत्येक उदाहरणाची सुरुवात त्याच शब्दांनी होते.

खासबाग_कट्टा

माझा आक्षेप घेतलास आणि त्याला उत्तरही दिलेस, ते चांगले केलेस. उत्तर मात्र शाब्दिक चलाखीचे आहे. जे काम अभियंता रोज करतो त्याला तू तत्त्वज्ञान हे नाव दिलेस आणि मग ते नाव वापरून प्रस्ताव पाडलास. मी विरोधी बाजूला असतो तर म्हणालो असतो, ‘मग तत्त्वज्ञानाचा वेगळा विभाग कशाला, आमच्याच अभ्यासक्रमात एक प्रकरण घाला.’ याचे उत्तर तयार ठेव. दुसरा मुद्दा, म्हणजे पंचवीसचा, मला अजून खोडता आलेला नाही. भारांकाचा विचार करतो आहे.

तर्कपाद

वरील प्रश्नाला एक उत्तर असे देता येईल की ते प्रकरण लिहिणार कोण. पण हे उत्तर विचारल्यावरच द्यावे, भाषणात घालू नये. मजकूर घड्याळ लावून वाचून पाहा. माझ्या अंदाजाने तो पाच मिनिटांच्या थोडा पलीकडे जातो. कापायचे असल्यास महामार्गाचे वाक्य कापा, लोखंडाचा गोळा कापू नका.

दुधाळी_ग्राउंड

माझी काही हरकत नाही, खुशाल वापरा. नगररचना विभागात जाऊन आले. जागा दोन रेषांच्या मधेच आहे, पण नकाशा कोणत्या वर्षीच्या मोजणीवर केला आहे हे खिडकीवर कोणाला सांगता आले नाही. अर्ज करून विचारायला सांगितले आहे.

बंधाऱ्यावरचा_माणूस

ताई, अर्जात दोन गोष्टी स्वतंत्रपणे मागा : विसर्गाच्या नोंदी कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतच्या वापरल्या, आणि नदीचे आडवे छेद कोणत्या वर्षी घेतले. एकत्र विचारले तर एकाचेच उत्तर येते. पोच घ्यायला विसरू नका.